कोट नंबर ३ आणि कोट नंबर ७ : फायर सूटच्या धुलाई-तपासणीच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

परवाची जिनिंगच्या आगीची वर्दी काल दुपारी संपली. कापसाची गाठ वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. त्यामुळे एकेक गाठ फोडून, पसरून, भिजवून मगच निघता आलं. छप्पर सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचं होतं. तापल्यावर ते पत्रे फटाक्यासारखे फुटत होते आणि तुकडे आमच्या अंगावर येत होते.

स्टेशनला परतल्यावर नेहमीचंच झालं. कोट बंबाच्या बाजूच्या खिळ्यांना टांगले, हात धुतले, चहा मागवला. नवा पोरगा नळाखाली मान घासत होता तेव्हा माझं लक्ष गेलं. कॉलरच्या रेघेवर त्याच्या मानेभोवती काळी गोल पट्टी उमटली होती. साबण दोनदा लावला तरी ती जाईना. तो म्हणाला, "दादा, ही आजची नाही. हा कोट घालतो त्या दिवसापासून उमटते." त्याच्या अंगावर कोट नंबर ३ आहे. आधी तो अण्णांचा होता. अण्णा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि कोट खिळ्यावरून उतरून थेट पोराच्या अंगावर गेला. मध्ये तो कुणी धुतल्याचं कुणालाच आठवत नाही.

साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "तुमच्या लक्षात आलंय ना, मग तुम्हीच बघा." तेव्हापासून हे काम माझ्याकडे. वही घातली आहे. बजेट शून्य.

२२ नोव्हेंबर

सगळे सूट मोजले. कागदावर चौदा, हातात चौदा, एवढं तरी बरं. कोट आणि पॅन्ट दोन्ही. प्रत्येकात तीन थर. बाहेरचं जाड कापड ॲरामिडचं, जे ज्वाळेत पेटत नाही आणि सहजी फाटत नाही. मधे पातळ पडदा, जो बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही पण घामाची वाफ बाहेर सोडतो. सगळ्यात आत गोधडीसारखं शिवलेलं अस्तर, जे उष्णता अडवतं. मधला पडदा आणि अस्तर एकत्र शिवलेले असतात आणि ती जोडी चेन व बटणांनी बाहेरच्या कापडापासून सुटी होते. आमच्यापैकी तिघांना हे सुटं होतं हेच माहीत नव्हतं. दहा वर्षं अंगात घालून.

आतल्या लेबलांवरून उत्पादनाची तारीख शोधली. पाच सूट मार्च २०१४ चे, नऊ ऑगस्ट २०१८ चे. आमच्या वहीत मात्र दुसऱ्या खेपेची तारीख २०२० आहे, कारण माल आल्यावर तो भांडारात पडून होता. वय उत्पादनाच्या तारखेपासून मोजायचं, अंगावर चढल्या दिवसापासून नाही. अमेरिकेच्या एनएफपीए १८५१ या नियमात सूटची कमाल मर्यादा दहा वर्षं धरली आहे. आपल्यावर तो नियम बंधनकारक नाही, पण मोजायला काही तरी माप हवं म्हणून मी तोच धरतोय. म्हणजे पहिले पाच सूट गेल्या मार्चमध्येच बाद झाले आणि त्यात कोट नंबर ३ आहे.

नंबर टाकताना एक शहाणपण केलं. बाहेरच्या कापडावर आणि अस्तरावर, दोन्हीकडे तोच नंबर न पुसणाऱ्या पेनने लिहिला. नाही तर धुतल्यावर तीनचं अस्तर नऊच्या कोटात बसेल आणि मग कशाचा इतिहास कशाला लागायचा.

सगळ्यात काळा कोट नंबर ३. सगळ्यात स्वच्छ कोट नंबर ७. सातवाले भाऊ टापटिपीचे आहेत, कोट घरी नेऊन धुऊन आणतात. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आमच्यासारखं कुणी ठेवतं का सांगा?" मीही मान डोलावली.

१ डिसेंबर

पहिली धुलाई. जुनं समोरून उघडणारं मशीन एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून स्वस्तात मिळालं. पैसे आम्ही आपसात वर्गणी काढून भरले. वरून उघडणारं नको होतं, कारण त्यातला मधला खांब कपडे पिळवटतो आणि पडद्याच्या शिवणीवरची पट्टी उचकटते. या मशीनमध्ये घरचा एकही कपडा जाणार नाही असं दारावर लिहून ठेवलं आहे.

पिळण्याचा वेग किती ठेवायचा यावर जरा डोकं चालवलं. पिळताना कापडावर गुरुत्वाकर्षणाच्या १०० पटीपेक्षा जास्त जोर येऊ नये असं सांगतात. ड्रम आतून मोजला तर ४६ सेंटीमीटर, म्हणजे त्रिज्या २३.

```
G = 0.00001118 × r × rpm²
r = 23, rpm = 600  →  G ≈ 93
r = 23, rpm = 800  →  G ≈ 165
```

बटण ६०० वर लावून त्यावर चिकटपट्टी मारली. नाही तर कुणी तरी लवकर वाळावं म्हणून पुढे सरकवणारच.

अस्तरं आधी धुतली आणि बाहेरची कापडं नंतर, वेगळ्या फेरीत. एकत्र टाकली तर बाहेरची काजळी आतल्या मऊ कापडात शिरते आणि तेच कापड अंगाला लागतं. सगळ्या चेन बंद, वेलक्रो मिटवलेले, खिसे उलटे केलेले. नंबर ३ च्या खिशातून एक जळका खिळा, अर्धी सुपारी आणि कापसाची काळी गुठळी निघाली. पाणी थंड, साबण सौम्य द्रवरूप. कपडे पांढरे करणारं द्रावण नाही आणि मऊ करणारंही नाही.

पहिला घोळ पाण्याचा झाला. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की साबणाला फेसच येईना, आणि वाळल्यावर कापडावर पांढरट पापुद्रा राहिला. दुसऱ्यांदा नळाचं पाणी ड्रममध्ये भरून घेतलं आणि शेवटचं खळबळणं दोनदा केलं.

काजळी किती गेली हे बघायला प्रयोगशाळा नाही. म्हणून एक साधी गोष्ट करतो. पांढरं सुती फडकं ओलं करून कॉलरच्या आतल्या बाजूला अंगठ्याने दाबून दहा वेळा घासायचं. नंबर ३ चं पहिल्या धुलाईआधी डांबरासारखं आलं, पहिल्या धुलाईनंतर राखेच्या रंगाचं, तिसऱ्यानंतर फिकट पिवळसर. फडकी तारीख टाकून वहीत चिकटवली आहेत. फडकं पांढरं आलं म्हणजे सगळं गेलं असं मात्र नाही. काजळीतला घातक भाग डोळ्यांना दिसत नाही आणि काही प्रमाणात तो धाग्यात राहतोच.

९ जानेवारी २०२५

जळगावला प्लॅस्टिकच्या चटया बनवणाऱ्या कारखान्याला आग. आसपासच्या गावांचे बंब बोलावले, त्यात आमचाही होता. वितळलेलं प्लॅस्टिक पाण्यासारखं वाहत होतं. धूर काळा आणि चिकट, काचेवर बोट फिरवलं तर ग्रीस लागल्यासारखा.

या वेळी जागेवरच धुवायचं ठरवून गेलो होतो. बाहेर आल्यावर मास्क काढायचा नाही, बीए सेटची म्हणजे पाठीवरच्या श्वासाच्या सिलिंडरची हवा चालू ठेवायची. एकाने हलक्या धारेने वरून खालपर्यंत भिजवायचं, दुसऱ्याने भांड्याच्या साबणाचं पाणी आणि मऊ ब्रशने घासायचं. कॉलर, काखा, कंबर, गुडघे, बूट. परत धार. मग मास्क काढायचा. माणशी चारेक मिनिटं लागली. दुसऱ्या गावच्या एकाने मारलेली हाक ऐकू आली, "बंबवाल्यांची आंघोळ चालू आहे बघा!"

या चार मिनिटांत काय मिळतं त्याचे आकडे अमेरिकेतल्या एका अभ्यासात आहेत. कोटावर बसलेल्या पीएएच म्हणजे काजळीतल्या घातक संयुगांपैकी साबण-पाणी-ब्रशने मधल्या हिशेबाने ८५ टक्के निघाली. कोरड्या ब्रशने २३ टक्के. नुसत्या हवेच्या झोताने २ टक्के. आम्ही इतकी वर्षं कोट झटकत होतो, म्हणजे हा शेवटचा प्रकार. ओल्या वाइपने मान पुसली तर कातडीवरचं साधारण निम्मं निघतं. म्हणून बंबात आता बाळांना पुसायच्या वाइपची पाकिटं ठेवली आहेत. मेडिकलवाल्याने विचारलं, घरी बाळ का?

ओले कोट बंबाच्या केबिनमध्ये घेतले नाहीत. खताच्या मोठ्या प्लॅस्टिक गोण्या धुऊन ठेवल्या होत्या, त्यात भरून तोंड बांधून मागे टाकल्या. धुरातला माल कोटातून बराच वेळ उडत राहतो. बंद केबिनमध्ये परतीचा तासभर तो हुंगत येणं म्हणजे आग विझल्यावर पुन्हा धुरात बसणं.

हूड म्हणजे डोक्यावरची विणलेली टोपी. तिचा विचार आम्ही केलाच नव्हता. ती कोटापेक्षा पातळ, तिच्यात मधला पडदा नाही, धूर जाळीतून सरळ आत येतो, आणि ती बसते जबड्यावर न् मानेवर, जिथली कातडी पातळ असते. पोराच्या मानेवरच्या पट्टीचं निम्मं कारण कोट, निम्मं हूड. माणशी दोन हूड पाहिजेत, एक अंगावर एक धुण्यात. मागणीपत्र दिलं.

जिनिंगच्या वेळेची एक चूक इथे लिहून ठेवतो. तिथे फुटणारे पत्रे ॲस्बेस्टॉसच्या सिमेंटचे असण्याची दाट शक्यता होती आणि आम्ही स्टेशनवर येऊन कोट कोरड्या झाडूने झाडले. ॲस्बेस्टॉसचा धागा ओला असेपर्यंत चिकटून राहतो, कोरडा झाडला की हवेत जातो. पुढे असे पत्रे फुटलेल्या जागी कोट भिजवून, ओलाच गोणीत घालायचा. कोरडा ब्रश बंद.

१६ फेब्रुवारी

अण्णांना भेटून आलो. ते गावी, धुळ्याच्या बाजूला असतात. गेल्या वर्षी लघवीतून रक्त गेलं, दुखलं काहीच नाही, म्हणून दोन महिने कुणाला सांगितलं नाही. मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. दुर्बिणीतून गाठ काढली, आता दर तीन महिन्यांनी तपासणी. तब्येत ठीक आहे, आवाज तोच.

मी फोनमध्ये कोट नंबर ३ चा फोटो दाखवला. बघून हसले. "हाऊ मना कोट शे ना रे?" मग म्हणाले, "काळा कोट असला की नवी पोरं मागं उभी राहायची. धुतला असता तर कोण ओळखलं असतं?" हे खरं आहे. मीही त्यांच्या मागे उभा राहिलो आहे.

येताना एसटीत विचार केला तो लिहून ठेवतो, कारण स्टेशनमध्ये मला यावर बोलायचं आहे आणि थापा मारायच्या नाहीत.

काजळी अंगावर बसली म्हणजे लगेच काही होत नाही. खोकला येतो तो धुराचा, तो दोन दिवसांत जातो. काजळीच्या कणाला चिकटलेली संयुगं तेलात विरघळणारी असतात, म्हणून ती कातडीतून हळूहळू आत जातात. घामाने भिजलेल्या, तापलेल्या कातडीतून जास्त. शरीर ती बाहेर टाकण्यासाठी त्यांचं रूप बदलतं, आणि नेमक्या त्या बदलाच्या वाटेवर काही रूपं अशी तयार होतात की ती पेशीच्या डीएनएला चिकटतात. बहुतेक वेळा पेशी ते दुरुस्त करते. एखाद्या वेळी राहून जातं. वर्षाला शे-दीडशे वर्द्या, वीस-पंचवीस वर्षं नोकरी, आणि मधल्या काळात तोच न धुतलेला कोट. मूत्राशयाचा संबंध असा की अशी बरीच द्रव्यं रक्तातून गाळून लघवीत येतात आणि ती लघवी तासन्‌तास तिथेच साठून राहते. वर्दीवर पाणी कमी प्यायचं आणि लघवी दाबून धरायची ही आमची सवय त्यात भर घालत असणार असं मला वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, आयएआरसीने, २०२२ मध्ये अग्निशामकाचं काम हेच पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर होण्याचं ठरलेलं कारण. पुरेसा पुरावा दोन जागांचा मिळाला. एक मूत्राशय. दुसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या आवरणाचा कॅन्सर, जो ॲस्बेस्टॉसमुळे होतो आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. जिनिंगचे पत्रे मला तेव्हा आठवले. आतडं, प्रोस्टेट, वृषण वगैरे काही जागांचा पुरावा आहे पण मर्यादित.

कातडीतून काजळी आणि कॅन्सर हा संबंध तर फार जुना. १७७५ मध्ये लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोषावरच्या कॅन्सरचं कारण तिथल्या सुरकुत्यांत साचून राहणारी काजळी असं लिहून ठेवलं. अडीचशे वर्षं झाली. आमच्याकडे पॅन्टचं अस्तर कोटापेक्षाही कमी धुतलं जातं.

आणि हेही लिहितो, कारण नाही लिहिलं तर अर्धसत्य होईल. अण्णा तीस वर्षं विडी ओढत होते. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूर आहे. त्यांचा आजार कोटाने आला की विडीने, हे कुणालाच सांगता येणार नाही. मी स्टेशनमध्ये "कोटामुळे अण्णांना झालं" असं म्हणणार नाही. लघवीत रक्त दिसलं तर, दुखो न दुखो, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जायचं, एवढं मात्र सांगणार.

८ मार्च

तपासणी. अंगणात दोन टेबलं लावली आणि सकाळी सहापासून बसलो. तीन दिवस लागतील असं वाटतं.

बाहेरच्या कापडात जळल्याचे डाग, फाटलेलं, विरलेलं, शिवण उसवलेली, आणि रंग बदललेला शोधायचा. काजळीचा काळा आणि भाजल्याचा तपकिरी यांतला फरक धुतल्यानंतरच कळतो, म्हणून तपासणी नेहमी धुलाईनंतर. चमकणाऱ्या पट्ट्यांसाठी अंधाऱ्या खोलीत जाऊन डोळ्यांच्या उंचीवर टॉर्च धरायची. नंबर ११ ची पाठीवरची पट्टी दिसायला छान, पण टॉर्चमध्ये काहीच परत आलं नाही. वितळून वरचे मणी बसले होते. ती पट्टी बदलली की कोट चालेल.

अस्तर आतून टॉर्च लावून बघायचं. उजेड जास्त येतो तिथला भराव सरकलाय किंवा पातळ झालाय. खांद्यावर, जिथे बीए सेटचा पट्टा येतो, आणि गुडघ्यावर तो बहुतेक सगळ्यांचा पातळ झालेला आहे, पण अजून भागेल असा.

खरा प्रश्न मधल्या पडद्याचा. तो दोन थरांच्या मधे असतो, बघता येत नाही, आणि सगळ्यात आधी तोच मरतो. मेला की बाहेरचं गरम पाणी आत येतं, अस्तर भिजतं आणि आगीच्या उष्णतेने त्या पाण्याची वाफ होऊन माणूस आपल्याच कोटात भाजतो. त्याची चाचणी स्वस्त आहे. सत्तर टक्क्यांचं स्पिरिट एक भाग, साधं पाणी सहा भाग. मी ५० मिलीला ३०० मिली घेतलं. नुसतं पाणी बारीक छिद्रावर थेंब धरून बसतं. स्पिरिटने पाण्याचा ताण कमी होतो, मग ते सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातूनही उतरतं. बादलीवर अस्तराची जोडी पसरायची, पडदा वर आणि मऊ बाजू खाली, मधे वाटीसारखा खोलगट भाग करून त्यात हे मिश्रण कपभर ओतायचं. तीन मिनिटं थांबायचं. खाली हात लावून बघायचं. ओलं लागलं की नापास. खांदे, पाठ, बसायची जागा, जांघ, गुडघे आणि शिवणीवरची पट्टी, एवढ्या जागी प्रत्येक सूटला.

नंबर ३ सगळ्या जागी कोरडा. पोरगा तर ओरडलाच, "दादा, अण्णांचा पास झाला!"

मग नंबर ७. सगळ्यात स्वच्छ कोट. उजव्या खांद्यावर ओतलं आणि दीड मिनिटात खालून थेंब बादलीत पडल्याचा आवाज आला. डाव्या खांद्यावरही तेच. पाठीच्या वरच्या भागावर पडदा अस्तरापासून सुटून फुगे आले होते, कागदाची पिशवी भिजल्यावर येतात तसे. जांघेत मात्र कोरडा. खांदे आणि पाठ गेले, जांघ वाचली, यावरून माझ्या डोक्यात आलं ते मी भाऊंना विचारलं. कोट वाळवता कुठे?

"गच्चीवर. दोरीवर. कडक उन्हात दोन दिवस. जंतू मरायला नको का?"

"आणि धुता कशात?"

"कशात म्हणजे, पावडर. कॉलरला ते पांढरं करायचं पाणी थोडं. नाही तर काळं जातच नाही."

म्हणजे दोन्ही गोष्टी झाल्या. ऊन ॲरामिडला आणि पडद्याला खातं, आणि गच्चीच्या दोरीवर कोट टांगला की सगळ्यात जास्त ऊन खांद्यांवर पडतं. क्लोरीनचं पाणी धाग्याची ताकद मारतं. मी भाऊंच्या कॉलरजवळचं कापड दोन अंगठ्यांत धरून ओढलं. जुन्या चादरीसारखं टर्रकन फाटलं. भाऊ काही बोलले नाहीत. मलाही बोलायला काही सुचलं नाही, कारण हा माणूस आमच्यात एकटाच कोट धूत होता. शिवाय त्यांच्या घरी कोटाच्याच मशीनमध्ये लेकरांचे कपडेही धुतले जात होते, पण ते त्या दिवशी काढलं नाही. नंतर एकट्यात सांगितलं.

१४ एप्रिल

अग्निशमन सेवा दिन. मुंबईच्या गोदीत १९४४ साली झालेल्या स्फोटात गेलेल्या जवानांना सकाळी मानवंदना दिली. नंतर पाहुण्यांना बंब दाखवला. एका साहेबांनी विचारलं, सूट इतके स्वच्छ कसे, वापरत नाही का?

१९ मे

पारा ४५ च्या वर आहे. दुपारी एक वाजता वर्दीनंतरचे तीन कोट धुवायला टाकले आणि सहज म्हणून गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यात थर्मामीटर घातला. ४४ अंश. सूट धुवायची मर्यादा ४० अंश. मशीनची ताप देणारी कॉइल मी पहिल्याच दिवशी बंद केली होती, पण आपल्याकडे मे महिन्यात सूर्यच गिझर चालवतो. मशीन थांबवून पाणी काढलं. आता मे आणि जूनमध्ये धुलाई पहाटे पाचला, रात्रभर गार झालेल्या पाण्यात.

वाळवणं भांडाराच्या खोलीत, खिडकीला गोणपाट लावून, खालून पंखा. या हवेत बाहेरचं कापड पाच तासांत वाळतं, अस्तराला रात्र लागते. अस्तर उलटं करून टांगायचं, नाही तर पडदा आणि भराव यांच्यात ओल राहून वास धरते. पावसाळ्यात हेच दोन दिवस घेईल. हिशोब सरळ आहे. पाच वयाने गेले, नंबर ७ चाचणीत गेला, राहिले आठ. एका पाळीत चार जण. चार अंगावर, चार वाळत. एका रात्री दोन मोठ्या वर्द्या आल्या तर कुणाला तरी ओला कोट घालावा लागेल. ओला कोट आगीत घालायचा नाही हे मीच सगळ्यांना सांगितलं आहे. त्यामुळे हे अजून सुटलेलं नाही.

३ जून

बाद सहा सूटचा प्रस्ताव गेल्या महिन्यात पाठवला होता. उत्तर आलं. जडवस्तू नोंदवहीतून वस्तू कमी करायची तर निर्लेखन करा आणि लिलावाने भंगारात विका, रक्कम जमा करा. बरोबर आहे, पद्धत तशीच आहे. पण लिलावात गेलेला कोट उद्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर वॉचमनच्या अंगावर दिसेल आणि तो बिचारा त्याच्या भरवशावर आगीत शिरेल. शिवाय काजळीने भरलेला माल घरी कोण नेईल कोण जाणे. तीन फेऱ्या मारल्या. शेवटी असं ठरलं की तुकडे करून वजनावर निर्लेखन करायचं, पंचनामा करून. दोन कोट सरावासाठी ठेवायचे, पाठीवर लाल रंगाने मोठ्ठं "फक्त सराव, आगीत नाही" लिहून. धूर नसलेल्या सरावासाठीच.

पोरगा म्हणाला, "नंबर ३ सरावाला ठेवू ना. पास झालाय." मी बराच वेळ विचार केला. चाचणी कोरडी आली हे खरं. पण कपभर पाण्याची चाचणी फक्त ओतलेल्या जागेपुरतं सांगते. अकरा वर्षांच्या कापडाची ताण सोसायची ताकद मोजायची तर फाडून बघावं लागतं, आणि फाडल्यावर तो कोट उरत नाही. तारीख ठरवतात ती म्हणूनच. आणि सरावालासुद्धा अण्णांची काजळी आणखी एका पोराच्या मानेवर कशाला? फडकं तीन धुलाईनंतरही पिवळसर येत होतं. नंबर ३ गेला. सरावाला पहिल्या खेपेतले ५ आणि ९ ठेवले, ते निम्मी वर्षं कपाटातच होते.

२१ जून

पंचांसमोर चार सूट कापले. शिंप्याची मोठी कात्री आणली होती. भाऊंनी नंबर ७ स्वतः कापायला घेतला. बाही दोन झटक्यांत आली, खांदा तर कात्री न चालवता हातानेच निघाला. त्यांनी तुकडा उजेडाकडे धरला, मागून खिडकीचा गज दिसत होता.

नंबर ३ पोराने धरला आणि मी कापायला गेलो. कात्री कापडावरून नुसती सरकायला लागली. अर्धी बाही होईपर्यंत धार बसली आणि माझ्या अंगठ्याला फोड आला. मग पत्रे कापायची कात्री आणली. तिनेही कुरकुर केली. एका कोटाला चाळीस मिनिटं लागली. पंच घड्याळ बघत होते.

कॉलर शेवटी कापली. आतल्या घडीत, जिथे पाणी कधी पोचलंच नव्हतं, शिवणीच्या आत काळी ओळ तशीच होती, बोट लावलं तर बोटाला आली. पोराने ती बघितली आणि नकळत मानेवरून हात फिरवला. त्याच्या मानेवरची पट्टी मार्चपासून दिसत नाही.

एकूण वजन १६ किलो ४०० ग्रॅम. पंचनाम्यावर सह्या झाल्या. शिंप्याला कात्रीच्या धारेचे पन्नास रुपये द्यायचे आहेत. हूडच्या मागणीपत्राला उत्तर नाही, उद्या पुन्हा स्मरणपत्र.